८ जीबी रॅम आणि इंटिग्रेटेड ग्राफिक्सवर फोर्टनाइट: एफपीएस ६० दिसतो, तरी उतरताना आणि लढताना का अडकतो?

हा प्रश्न मला सारखा येतो आणि जवळजवळ प्रत्येक वेळी त्याच वर्णनासह येतो. लॉबीत सगळं गुळगुळीत, बसमधून उडी मारेपर्यंत ठीक, आणि जमिनीजवळ येताच चित्र गोठतं. अर्ध्या सेकंदाने ते पुन्हा हलतं तेव्हा समोरच्याने बंदूक उचललेली असते. कोपऱ्यातल्या आकड्यात मात्र ५५-६० दिसत राहतात. मग माणूस यूट्यूबवरची सेटिंग्जची यादी उतरवून काढतो, थोडा फरक पडतो आणि पुढच्या अपडेटला सगळं पूर्वपदावर येतं.

माझं थोडक्यात उत्तर असं: फोर्टनाइट अशा लॅपटॉपवर खेळण्याजोगा चालतो. एपिकची किमान अट सध्या ८ जीबी रॅम आणि इंटेल एचडी ४००० किंवा रेडिऑन वेगा ८ अशी आहे. पण किमान अट म्हणजे गेम सुरू होईल एवढंच आश्वासन. गुळगुळीत चालणं बहुतेक वेळा सेटिंग्जपेक्षा रॅमवर अवलंबून असतं: ती किती मोकळी आहे, आणि एका पट्टीत आहे की दोन. खाली सगळा भर त्यावरच आहे.

सरासरी आकडा का फसवतो

६० एफपीएस म्हणजे प्रत्येक फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. एका सेकंदात ५० फ्रेम वेळेवर आल्या आणि मधल्या एकाच फ्रेमला २०० मिलिसेकंद लागले, तरी आकडा ५० च्या आसपासच दिसतो. डोळ्याला मात्र तो एकच झटका दिसतो. त्यामुळे ‘किती एफपीएस मिळतात’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘झटका नेमका कधी बसतो’ हे आधी पाहायचं.

इथे शंभर खेळाडूंचा संबंध येतो. सर्व्हर प्रत्येकाला बाकीच्या ९९ जणांची सगळी माहिती सतत पाठवत नाही. तुमच्या आसपास जे आहेत, त्यांचीच तपशीलवार माहिती येते. म्हणून तुमच्या लॅपटॉपवरचा बोजा सामन्यात शंभर जण आहेत यावर ठरत नाही, तुमच्याजवळ किती जण उतरले यावर ठरतो. गर्दीच्या ठिकाणी वीस जण एकाच वेळी उतरले की वीस वेगवेगळे स्किन, पाठीवरच्या वस्तू, हत्यारं, आवाज आणि त्या वस्तीतल्या इमारतींचे टेक्स्चर हे सगळं काही सेकंदांत मेमरीत यावं लागतं. वरून खाली येताना दृश्यही झपाट्याने बदलत असतं. लॅपटॉपसाठी अख्ख्या सामन्यातला सर्वांत अवघड क्षण तोच.

याचा उपयोग तपासणीला होतो. एक सामना नेहमीच्या गर्दीच्या जागी उतरून खेळा, दुसरा नकाशाच्या कडेला एखाद्या ओसाड ठिकाणी. कडेला झटके जवळजवळ नाहीसे झाले, तर तुमचा प्रोसेसर किंवा ग्राफिक्स मुळातच कमी पडतात असं नाही. एकदम येणारा माल ठेवायला जागा पुरत नाहीये. दोन्हीकडे सारखंच संथ वाटत असेल, तर कारण वेगळं.

एकाच नोंदीत तीन गोष्टी

अंदाज बांधण्यापेक्षा विंडोजकडूनच नोंद घ्या. पॉवरशेल उघडा, ही आज्ञा चालू करा, मग गेम खेळा आणि सामना संपल्यावर परत येऊन `Ctrl+C` दाबा:

```
typeperf "\Memory\Available MBytes" "\Memory\Pages Input/sec" "\Processor Information(_Total)\% Processor Performance" -si 1 -o C:\Users\Public\log.csv
```

ही दर सेकंदाला तीन आकडे लिहीत जाते. पहिला म्हणजे मोकळी मेमरी. दुसरा म्हणजे रॅममध्ये नसल्यामुळे डिस्कवरून आणावी लागलेली पानं. तिसरा म्हणजे प्रोसेसर त्याच्या मूळ वेगाच्या किती टक्के वेगाने चालला. खेळताना झटका बसला की घड्याळाकडे एक नजर टाका आणि नंतर नोंदीतली तीच वेळ शोधा. तीन चित्रांपैकी एक दिसेल.

मोकळी मेमरी दोन-तीनशे एमबीवर आलेली आणि त्याच सेकंदाला दुसरा आकडा एकदम हजारांत उसळलेला, तर मेमरी अपुरी आहे. मेमरी मोकळी आहे, डिस्क शांत आहे, पण पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर तिसरा आकडा घसरून तिथेच राहिला, तर उष्णता किंवा वीज. आणि तिन्ही ठीक असूनही खेळ सतत जड वाटतो, तर बहुतेक वेळा ग्राफिक्सला मेमरीकडून माल वेळेवर मिळत नाही, म्हणजे बँडविड्थ.

एक प्रत्यक्ष उदाहरण

माझ्या भाच्याच्या लॅपटॉपचं घेतो, कारण असे लॅपटॉप आपल्याकडे भरपूर विकले गेले. रायझन ५ ३५००यू, त्यातच वेगा ८ ग्राफिक्स, ८ जीबीची एकच पट्टी, एसएसडी, १०८०पी पडदा. कॉलेजसाठी घेतलेला आणि संध्याकाळी फोर्टनाइटसाठी वापरला जाणारा.

टास्क मॅनेजरमध्ये `Performance` खाली `Memory` उघडलं, तेव्हा उजव्या कोपऱ्यात ८ जीबी, आणि खाली `Hardware reserved` समोर २ जीबीपेक्षा थोडं जास्त. म्हणजे बायोसने ग्राफिक्ससाठी २ जीबी आधीच कापून ठेवलेले आणि विंडोजच्या हातात राहिले ६ हून कमी. त्यात विंडोज ११, डिस्कॉर्ड, एपिकचा लाँचर आणि क्रोमचे काही टॅब मिळून तीन-साडेतीन जीबी सहज जातात. उरलेल्या अडीच जीबीत फोर्टनाइट बसत नाही. विंडोज मग काही भाग आकुंचित करतं, काही डिस्कवर ढकलतं, आणि गर्दीत उतरताना नेमका तोच भाग परत लागतो. नोंदीत हे स्पष्ट दिसलं: उडी मारल्यानंतर मोकळी मेमरी तळाला गेली आणि डिस्कवरून येणारी पानं उसळली. घरच्यांनी दोष इंटरनेटला दिला होता. पण पिंग स्थिर होतं, आणि नेट अडकतं तेव्हा चित्र गोठत नाही. चित्र हलतं, फक्त माणसं मागे-पुढे उड्या मारताना दिसतात. हा फरक लक्षात ठेवा, याने पुष्कळ वेळ वाचतो.

पहिलं काम बायोसमध्ये. एएमडीच्या काही लॅपटॉपमध्ये `UMA Frame Buffer Size` नावाची सेटिंग असते. ती `512M` केली. ग्राफिक्सला लागेल तेव्हा ते सामायिक मेमरीतून आणखी घेतंच, पण आता ती जागा कायमची अडकून राहत नाही. इंटरनेटवर अनेक जण नेमकं उलटं, म्हणजे ती सेटिंग वाढवायला सांगतात. १६ जीबी रॅम असेल तर ते चालून जाईल, पण ८ जीबीत हा सल्ला घातक आहे. सगळ्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये ही सेटिंग नसते. नसेल तर बायोसशी खेळणारी कुठलीही बाहेरची साधनं वापरू नका, पुढे चला. इंटेलवाल्यांना हा प्रश्न सहसा नसतो, तिथे कायमची राखीव जागा फार थोडी असते.

दुसरं काम गेममध्ये. `Rendering Mode` समोर `Performance` निवडलं. हा मोड एपिकने डिसेंबर २०२० मध्ये आणला तो अशाच यंत्रांसाठी. त्यात दृश्य साधं दिसतं, सावल्या आणि प्रकाश मोबाइलवरच्या गेमसारखे सपाट होतात, पण मेमरी आणि प्रोसेसर दोन्हींवरचा भार हलका होतो. `Meshes` लो, `Textures` लो, `View Distance` नियर. दूरचे खेळाडू दिसणं बंद होईल अशी भीती भाच्याला होती. तसं होत नाही, दूरची झाडं-वस्तू तेवढ्या कमी होतात.

तिसरं, एपिक लाँचरमध्ये फोर्टनाइटच्या तीन ठिपक्यांखालच्या इन्स्टॉलच्या पर्यायांत `High Resolution Textures` वरची खूण काढली. परफॉर्मन्स मोडमध्ये ती फाइल कामाची नाही, नुसती डिस्क अडवते. त्याच यादीत स्ट्रीम होणारी सामग्री आधीच उतरवून ठेवण्याचा पर्याय दिसला आणि डिस्कवर जागा असेल, तर तो मात्र चालू करा. नाहीतर समोरच्याचा स्किन गेम चालू असतानाच नेटवरून उतरवला जातो, आणि ते काम गर्दीत उतरतानाच होतं.

चौथं, विंडोजच्या `Settings` मध्ये `Gaming` खाली `Captures`. तिथलं पार्श्वभूमीतलं रेकॉर्डिंग बंद केलं. इंटिग्रेटेड ग्राफिक्सवर ते रेकॉर्डिंग त्याच चिपकडून आणि त्याच रॅममधून चालतं.

क्रोम बंद ठेवायचं हे सांगायला नको. डिस्कॉर्ड मित्रांशी बोलायला लागतं, म्हणून ते फोनवर हलवलं. ही साधी युक्ती दोन-चारशे एमबी मोकळे करते, आणि ८ जीबीच्या यंत्रात तेवढ्यानेही फरक पडतो.

पेजफाइलबद्दल, म्हणजे रॅम भरली की विंडोज डिस्कवरच्या ज्या फाइलमध्ये माल ढकलतं तिच्याबद्दल, एक इशारा. ‘एसएसडी झिजते’ म्हणून ती बंद करा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ८ जीबीच्या यंत्रावर ती बंद केली की झटके थांबत नाहीत, गेमच मधोमध बंद पडतो, कधी `Out of video memory trying to allocate a rendering resource` असा संदेश देऊन. ती विंडोजच्या ताब्यात राहू द्या आणि सी ड्राइव्हवर काही जीबी मोकळे ठेवा.

एवढं केल्यावर भाच्याच्या लॅपटॉपवर उतरतानाचं गोठणं बरंच कमी झालं. पण शेवटच्या वर्तुळात, जिथे उरलेले सगळे जवळ येतात आणि भिंतींवर भिंती उभ्या राहतात, तिथे खेळ अजून जड वाटत होता. नोंदीत आता डिस्क शांत होती.

एक पट्टी की दोन

या भागात मला थोडं थांबायचं आहे, कारण सर्वांत मोठा फायदा इथे आहे आणि दुकानदार याबद्दल क्वचितच बोलतात.

वेगळ्या ग्राफिक्स कार्डाकडे स्वतःची वेगवान मेमरी असते. जुन्या जीटीएक्स ९६० ची मेमरी सेकंदाला ११२ जीबी माल पुरवते. इंटिग्रेटेड ग्राफिक्सला लॅपटॉपच्या साध्या रॅमवरच भागवावं लागतं. डीडीआर४ २४०० ची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ जीबी देते: २४०० मिलियन वेळा, दर वेळी ८ बाइट. तेवढ्यातच प्रोसेसरचीही गरज भागवायची. एका नळावर दोन घरं, तसं हे. दोन पट्ट्या असतील तर दोन्ही समांतर चालतात आणि आकडा ३८.४ होतो. ग्राफिक्स चिप तीच, पण तिला मिळणारा माल दुप्पट. गेममधला फायदा दुप्पट नसतो, तरी ग्राफिक्सवर अडलेल्या खेळात तो एका नजरेत कळतो.

इंटेलने तर हे नावातच आणून ठेवलं आहे. आय५ ११३५जी७ असलेल्या लॅपटॉपवर स्टिकर आयरिस एक्सईचा असला, तरी रॅम एकाच चॅनेलवर असेल तर विंडोजमध्ये त्याच चिपचं नाव `Intel(R) UHD Graphics` दिसतं. दुसरी पट्टी बसवली की नाव बदलून `Iris Xe` होतं. असं काही दिसलं तर ड्रायव्हर बिघडला म्हणून तो दहा वेळा टाकत बसू नका.

तुमच्याकडे काय आहे ते असं पाहा:

```
Get-CimInstance Win32_PhysicalMemory | Select-Object DeviceLocator, Capacity, Speed
```

एकच ओळ आली तर एक पट्टी. दोन आल्या तर दोन. टास्क मॅनेजरमध्ये `Slots used` समोरही हे दिसतं, पण रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असेल तर तिथल्या आकड्यावर विसंबू नका. `Form factor` समोर `Row of chips` लिहिलेलं असेल तर ती सोल्डर केलेली आहे. सगळी रॅम अशी सोल्डर केलेल्या, स्लॉट नसलेल्या पातळ लॅपटॉपमध्ये ती वाढवता येत नाही, मात्र त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी ती आधीच दोन चॅनेलवर असते.

नवी पट्टी घेताना प्रकार जुळायला हवा: डीडीआर४ च्या जागी डीडीआर५ बसत नाही, आणि लॅपटॉपला लागते ती छोटी, सोडिम आकाराची. वेगाचं फार मनावर घेऊ नका. ३५००यू २४०० च्या वर जात नाही, ३२०० ची पट्टी लावली तरी ती २४०० वरच चालेल. ४ जीबी सोल्डर केलेले आणि एक स्लॉट रिकामा असेल, तर ८ ची पट्टीही चालते. जुळणारे ४ आणि ४ दोन्ही चॅनेलवर चालतात आणि उरलेले ४ एकाच.

भाच्याच्या लॅपटॉपला ८ ची दुसरी पट्टी बसवली. क्षमता आणि बँडविड्थ हे दोन्ही प्रश्न एकाच खरेदीत सुटले. शेवटचं वर्तुळही मोकळं झालं, आणि डिस्कॉर्ड फोनवरून परत लॅपटॉपवर आलं.

पट्टी घेणं शक्य नसेल तर बँडविड्थची गरज कमी करायची, आणि ती रिझोल्यूशनने होते. १९२० × १०८० म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल, १२८० × ७२० म्हणजे ९.२ लाख, निम्म्याहून कमी. हे करताना चाचणीही होते. ७२०पी केल्यावर एफपीएस चांगलाच वाढला तर अडथळा ग्राफिक्स किंवा बँडविड्थचा होता. अजिबात वाढला नाही तर अडथळा प्रोसेसरचा आहे आणि रिझोल्यूशन खाली नेऊन काही मिळणार नाही, ते परत वर न्या. मजकूर आणि मेन्यू स्पष्ट राहावेत म्हणून पडद्याचं रिझोल्यूशन १०८०पी ठेवून फक्त `3D Resolution` खाली आणणं मला जास्त पटतं. दूरचा शत्रू ७२०पी च्या खाली ओळखू येईनासा होतो, म्हणून तिथेच थांबा.

गरम झाल्यावर हळू होणारा लॅपटॉप

३५००यू सारख्या चिपची ठरलेली वीज १५ वॉट. हे १५ वॉट प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळून वापरतात. सुरुवातीचा थोडा वेळ चिप त्याहून जास्त वीज ओढते, म्हणून पहिला सामना चांगला जातो. मग तापमान वाढतं, मर्यादा लागू होते आणि दोघांच्या वाट्याला कमी येतं. नोंदीतला तिसरा आकडा १३०-१४० वरून १०० च्या खाली जाऊन तिथेच बसला, तर हेच घडतंय.

इथे सर्वांत चांगला उपाय म्हणजे फ्रेमवर मर्यादा घालणं. `Frame Rate Limit` ६० ठेवा. मर्यादा नसेल तर लॉबीत आणि ओसाड भागात चिप विनाकारण ९०-१०० फ्रेम काढत तापते, आणि खरी लढाई सुरू होते तेव्हा तिच्याकडे काही उरत नाही. ६० टिकत नसेल तर ३० वर जाणं बहुतेकांना नको वाटतं. तेव्हा आधी रिझोल्यूशन एक पायरी खाली आणा.

चार्जर लावूनच खेळा. बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप वीज आणखी आखडतात. विंडोजमध्ये पॉवर मोड `Best performance` वर हवा. गादीवर लॅपटॉप ठेवला की खालची जाळी बंद होते. तिसरा आकडा टेबलावर आणि गादीवर वेगळा येतो का ते स्वतः पाहा. दोन-तीन वर्षं जुन्या लॅपटॉपमध्ये पंख्यात धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट असते, आणि पेस्ट बदलल्याने नवी सेटिंग्ज शोधण्यापेक्षा जास्त फायदा होतो.

अपडेटनंतर परत येणारे झटके

फोर्टनाइटचं मोठं अपडेट आलं किंवा ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला की आधी तयार झालेले शेडर, म्हणजे ग्राफिक्स चिपला दृश्य कसं रंगवायचं ते सांगणारे छोटे प्रोग्राम, निकामी होतात आणि नवे तयार करावे लागतात. पहिल्या एक-दोन सामन्यांत प्रत्येक नवा स्फोट, नवं हत्यार पहिल्यांदा दिसतं तेव्हा एक छोटा झटका बसतो. दुसऱ्यांदा दिसतं तेव्हा बसत नाही. ओळखायची खूण हीच. अपडेटच्या दिवशी सेटिंग्ज बदलू नका, दोन सामने जाऊ द्या. अपडेटनंतर `Rendering Mode` बदलला आहे का एवढं मात्र नक्की पाहा. तो `DirectX 12` वर गेलेला आढळला तर परत `Performance` करून गेम पुन्हा सुरू करा.

जे यातून सुटणार नाही

पबजीची संगणकावरची आवृत्ती हा वेगळा मामला आहे. जानेवारी २०२२ पासून ती फुकट आहे, म्हणून अनेक जण उतरवतात. पण तिची किमान अट ८ जीबी रॅमसोबत २ जीबीचं जीटीएक्स ९६० मागते, आणि फोर्टनाइटसारखा हलका मोड तिच्यात नाही. वेगा ८ किंवा यूएचडी ६२० वर ती उघडेल, गर्दीत मात्र खेळण्यासारखी राहणार नाही. त्यासाठी वरची खटपट करू नका.

४ जीबी रॅम असेल तर फोर्टनाइटसाठीही आधी रॅम, मग बाकी सगळं. दोन कोरचा जुना प्रोसेसर असेल तर रॅम १६ केली तरी शेवटच्या वर्तुळातला जडपणा राहील. तिथे खेळाडूंच्या हालचाली, बांधकाम आणि आवाज यांचा हिशेब प्रोसेसर करतो, मेमरीची त्यात मदत होत नाही.

प्रश्न विचारताना नुसतं ‘लॅग होतो’ लिहू नका. प्रोसेसरचं पूर्ण नाव, वरच्या पॉवरशेल आज्ञेचं उत्तर, `Hardware reserved` चा आकडा आणि झटक्याच्या वेळेच्या आसपासच्या नोंदीतल्या दहा ओळी द्या. एवढ्यावरून वरच्यांपैकी कोणतं कारण आहे ते बहुतेक वेळा लगेच सांगता येतं.